आजारपणानंतरचा पहिला मुक्काम

गेल्या वर्षी भाद्रपदात माझ्या थोरल्या दिरांची हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली. घरात सारे त्यांना दादा म्हणतात. वय त्रेसष्ट, चाटी गल्लीतील कापडाच्या पेढीवर चाळीस वर्षे बैठक, आणि त्या चाळीस वर्षांत दुपारची झोप जवळजवळ नाहीच. शस्त्रक्रिया नीट पार पडली. दिवाळी घरातच, शांतपणे झाली. आणि दिवाळीनंतर घरात एकच विषय सुरू झाला : दादांना कुठेतरी घेऊन जाऊ या.

ही इच्छा प्रेमातूनच येते. परंतु ‘कुठेतरी’ या शब्दाला प्रत्येकाच्या मनात निराळे गाव होते. मुलाने महाबळेश्वरचे हॉटेल पाहून ठेवले होते. माझ्या जाऊबाईंनी शस्त्रक्रियेच्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसून शिखरजीचा संकल्प केला होता, आणि तो लवकरात लवकर पुरा व्हावा असे त्यांना मनापासून वाटत होते. दादांचे स्वतःचे मत विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मला नुसते निजायचे आहे.” त्या वाक्याकडे तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे मुक्काम ठरला तो मात्र त्याच वाक्याला धरून.

थंड हवेच्या ठिकाणी नेण्याची कल्पना आपल्याकडे कोठून आली, हे जरा पाहण्यासारखे आहे. क्षयावर औषध नव्हते त्या काळात ‘हवापालट’ हाच उपचार होता. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी 1912 साली बेल-एअर हे आरोग्यधाम काढले ते क्षयरोग्यांसाठी. मिरजेची कोरडी हवाही त्याच कारणाने नावाजली. तेथे रुग्ण चार दिवसांसाठी जात नसे, महिनोन्‌महिने राही. पडून राहणे, वेळेवर खाणे आणि डॉक्टरांची नजर हीच त्या उपचाराची खरी अंगे होती. काळ बदलला, आजार बदलले, पण आजी-आजोबांच्या तोंडचा ‘डोंगरावरची हवा’ हा शब्द तसाच उरला. विश्रांती आणि डॉक्टरांचे सान्निध्य मागे पडले आणि नुसता डोंगर शिल्लक राहिला.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. एवढ्या उंचीवर हवेतील प्राणवायूची कमतरता बहुतेक रुग्णांना बाधत नाही. आमच्या डॉक्टरांनीही उंचीला हरकत घेतली नाही. त्यांनी हरकत घेतली ती तीन गोष्टींना. पहिली डिसेंबरातील गारवा. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो, म्हणून पहाटे व रात्री बाहेर पडता येत नाही. दुसरी, तेथे खोलीबाहेर पाऊल टाकले की चढ किंवा उतार. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, रात्री छातीत दुखू लागले तर अँजिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत घाट उतरून जावे लागणार. दिवसा जो घाट देखणा वाटतो, तो रात्री दोन वाजता रुग्ण मागच्या आसनावर असताना किती लांबतो, याचा विचार हॉटेल निवडताना कोणी करीत नाही.

शिखरजीचे गणित तर आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. नऊ कोस नव्हे, पण नऊ किलोमीटर चढण, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना आणि नऊ किलोमीटर उतरण, असे सत्तावीस किलोमीटर. आरंभ पहाटेच्या अंधारात आणि बहुधा उपाशीपोटी. डोली मिळते हे खरे, पण डोलीतही सकाळची औषधे, थंडी आणि कित्येक तास एका आसनात बसणे टळत नाही. शिवाय पर्वतावर मध्येच काही झाले तर खाली येण्यासच वेळ जाणार. जाऊबाई हे ऐकून गप्प झाल्या. डॉक्टरांनी त्यांना समजावले, “वंदना करू नका असे मी म्हणत नाही. काही महिन्यांनी ताणचाचणी करू आणि मग ठरवू.” घरी येताना त्या स्वतःच म्हणाल्या, “मी संकल्प केला तेव्हा तिथी धरली नव्हती.” तेथे तो प्रश्न मिटला.

मग आम्ही गावाचे नाव बाजूला ठेवले आणि आधी दादांची आजची ताकद मोजली. ही मोजणी घरीच होते आणि तिला यंत्र लागत नाही. सपाट रस्त्यावर वीस मिनिटे चालताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग किंवा अंतर अधिक आहे. एक जिना सावकाश चढून वर पोहोचल्यावर क्षणभराने नेहमीसारखे बोलता यावे. दादा दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे चालले आणि गोदामाचा एक जिना चढले. त्यावरून आम्ही नियम केला : प्रवासात कोणत्याही दिवशी याहून अधिक श्रम नाहीत आणि पहिल्या दोन दिवशी याच्या निम्मेच.

वेळही मोजली. बायपासमध्ये छातीचे मधले हाड कापून पुन्हा तारेने जोडतात. ते सांधण्यास साधारण आठ ते बारा आठवडे जातात. तोवर जड वस्तू उचलणे, ओढणे, दोन्ही हातांवर भार देऊन उठणे टाळावे लागते. दादांचे बारा आठवडे डिसेंबरच्या आरंभी पुरे होत होते. शेवटच्या तपासणीत जखम कोरडी होती, ताप नव्हता, रक्तदाब स्थिर होता आणि महिनाभरात औषधे बदललेली नव्हती. यांतील एकही गोष्ट नीट नसती, तर जागा कितीही सोयीची असली तरी जाणे पुढेच ढकलायचे होते.

आता जागा. आम्ही ठरवले की गाडीने चार तासांपेक्षा अधिक नको, घाट नको, आणि मुक्कामापासून हृदयविकाराचे सुसज्ज रुग्णालय तासाभरात हवे. नकाशावर हे तीन निकष ठेवताच बरीच नावे आपोआप गळाली. कुंथलगिरी जवळ होती आणि दादांची श्रद्धाही तेथे आहे. पण मोठे रुग्णालय तेथून दूर पडते, म्हणून मन मागे घेतले. उरले कुंभोजजवळचे बाहुबली. सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज असा रस्ता बहुतेक सपाट आणि रुंद. एका बाजूला कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला सांगली-मिरज. दोन्हीकडे मोठी रुग्णालये आणि दोन्हीकडे नातेवाईक. आपल्याच जिल्ह्यातील करमाळ्याच्या समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने उभे राहिलेले ते गुरुकुल, तेथील शुद्ध भोजन आणि सूर्यास्तापूर्वी आटोपणारा दिनक्रम. आमच्या घरच्या वेळापत्रकात काहीच बदल करावा लागणार नव्हता. डोंगरावरील मंदिरांकडे पायऱ्या जातात, तो विचार आम्ही प्रथमच सोडून दिला. बाहुबलींची पांढरी मूर्ती मात्र अठ्ठावीस फुटांची. तिचे दर्शन खालच्या प्रांगणात खुर्चीवर बसूनही होते.

जागा ठरली तरी खोली ठरायची असते, आणि आजाऱ्याचा मुक्काम खोलीवरच सुखाचा किंवा दुःखाचा होतो. दूरध्वनीवर “सर्व सोय आहे ना?” असे विचारले की उत्तर नेहमी “आहे” असेच येते. म्हणून प्रश्न एकेक करून विचारावा. खोली तळमजल्यावर आहे का, आणि तळमजल्यावर असूनही दारापर्यंत पायऱ्या किती? शौचालय खोलीला जोडलेले आहे का आणि कमोड खुर्चीचा आहे का? गरम पाणी नळाला येते की बादली वाहून आणावी लागते? पलंग गुडघ्याएवढा उंच आहे का? जेवण खुर्ची-मेजावर मिळेल का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण पाटावर बसलेला माणूस उठताना दोन्ही हात जमिनीला टेकतो, आणि तो सारा भार नुकत्याच सांधलेल्या छातीच्या हाडावर येतो.

रुग्णालयाची चौकशीही याच रीतीने केली. आमच्या शल्यविशारदांनी त्या भागातील एका हृदयरोगतज्ज्ञांचे नाव दिले. मुलाने तेथे आधीच दूरध्वनी करून विचारले, “रात्री दोन वाजता रुग्ण आणला तर अँजिओग्राफी त्याच वेळी होते का?” रुग्णालय मोठे असणे आणि त्या वेळी ती सोय चालू असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीत नोंदवला. बरोबरच्या फाइलमध्ये रुग्णालयातून मिळालेला गोषवारा, औषधांची मात्रांसह यादी, विम्याचे कार्ड आणि शेवटचा ईसीजी ठेवला. बायपास झालेल्या माणसाचा ईसीजी ठणठणीत असतानाही पुष्कळदा सरळ नसतो. परक्या डॉक्टरांच्या हाती जुना आलेख असला, तर यातला नवा बदल कोणता आणि जुनी खूण कोणती, हे त्यांना लगेच कळते. कागदाचा हा एक तुकडा बहुतेक घरी कपाटातच राहतो.

सूर्य वर आल्यावर, न्याहारी करून आम्ही निघालो. दादा मागच्या आसनावर, पट्टा लावून. पट्टा छातीवर रुतू नये म्हणून पेढीवरचाच एक टर्किश टॉवेल घडी करून मध्ये ठेवला. दर दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटे चालणे, कारण पाय लोंबते ठेवून फार वेळ बसले की पोटरीत रक्त साकळण्याची भीती असते. एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा गरम लागली, तर ती थकव्याची खूण समजू नये, डॉक्टरांना दाखवावी. सांगोल्याला पहिला थांबा झाला. दुपारच्या जेवणास आम्ही मुक्कामी होतो, आणि त्या दिवशी दुसरे काहीही केले नाही.

सात दिवसांचा क्रम साधा होता. सकाळी ऊन आल्यावर प्रांगणात वीस मिनिटे फेरी आणि दर्शन. दिवसाकाठी एकच बाहेर पडणे, तेही दहाच्या आत परतण्याच्या बेताने. जेवणानंतर अर्धा तास बसून मग दोन तास दार लावून निजणे. दर तिसरा दिवस पूर्ण मोकळा. चौथ्या दिवशी नांदणीच्या मठात गाडीने जाऊन आलो. तासाभराच्या आतले अंतर, उतरल्यावर सपाट जागा. माझ्या पुतण्याला वाटत होते की एवढ्या लांब येऊन काही पाहिलेच नाही. पण दादांच्या चेहऱ्यावरचा राखाडी रंग तिसऱ्या दिवसापासून उतरू लागला होता, आणि तो पाहण्यासाठीच आम्ही आलो होतो.

तरीही एक चूक झालीच. ती सांगितल्याखेरीज हा लेख अपुरा राहील.

घरून आम्ही वजनाचा काटा बरोबर नेला होता. शस्त्रक्रियेनंतर दादांच्या अंगात पाणी साठू नये म्हणून सकाळी एक लघवीची गोळी होती. डॉक्टरांचा दंडक असा की रोज सकाळी, शौचास जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी वजन करावे, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास कळवावे. इतक्या थोड्या दिवसांत वाढलेले वजन अन्नाचे नसते, पाण्याचे असते. पहिले चार दिवस काटा एकसष्ट किलोवर स्थिर होता. सहाव्या सकाळी तो साडेबासष्टवर गेला. मोजे काढले तर घोट्यावर पट्ट्यांचे खोल वळ. रात्री उशी एक वाढवून घ्यावी लागली होती, असेही दादा आता म्हणाले.

दोन किलोंची वाट न पाहता आम्ही सोलापूरला डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “लघवीची गोळी चालू आहे ना?” दादा खिडकीबाहेर पाहू लागले. नांदणीला जाताना गाडी मध्येच थांबवावी लागू नये म्हणून त्यांनी ती सकाळी घेतली नव्हती. पाचव्या दिवशी इचलकरंजीहून जुने व्यापारी भेटीस येणार होते. त्यांच्यासमोर वरचेवर उठावे लागू नये म्हणून त्या दिवशीही चुकवली होती. भर म्हणजे त्या बैठकीत दोन तास भावांची चर्चा, समोर पापड आणि लोणचे, आणि दुपारची झोप गेली ती गेलीच. मिठाने पाणी धरून ठेवले, आणि ते बाहेर काढणारी गोळी पोटात नव्हती.

श्वास, नाडी आणि रक्तदाब विचारून डॉक्टरांनी सांगितले की गोळी आजच नेहमीप्रमाणे घ्या, वरचे मीठ, पापड, लोणचे बंद करा, आज बाहेर जाऊ नका. पडून राहिल्यावर दम लागला किंवा छाती भरून आली तर मला विचारत बसू नका, सरळ रुग्णालयात जा. चुकलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका, हेही त्यांनी बजावले. सातव्या सकाळी वजन एकसष्ट किलो सातशे ग्रॅम झाले आणि वळ पुसट झाले. आम्ही परतीचा प्रवास एक दिवस पुढे ढकलला. आठव्या दिवशी काटा पूर्ववत आला, तेव्हाच निघालो.

ही चूक फार घरांत होत असणार, कारण तिचे मूळ लाजेत आहे. प्रवासात लघवीला थांबणे पुरुषांना कमीपणाचे वाटते आणि स्त्रियांना तर जागाच मिळत नाही. तेव्हा सहल ठरवतानाच त्या गोळीचा हिशोब धरावा. गोळीचा जोर साधारण चार ते सहा तास असतो. निघण्यापूर्वी तेवढा अवकाश ठेवावा किंवा वेळ मागे-पुढे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने ती वगळू नये.

आपल्या घरांपुरती आणखी एक गोष्ट येथेच सांगते. चौविहार पाळणाऱ्या रुग्णाने तसे डॉक्टरांना आरंभीच स्पष्ट सांगावे. ‘रात्री झोपताना’ असे चिठ्ठीवर लिहिलेले असते, आणि रुग्ण पाणी घ्यायचे नाही म्हणून ती गोळी मुकाट्याने सोडून देतो. दादांच्या साऱ्या मात्रा सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत बसवता आल्या, परंतु ते डॉक्टरांनी ठरवले. मधुमेहाचे इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर सायंकाळचे भोजन लवकर घेण्याचे आणि त्यानंतर काहीच न घेण्याचे आधी कळवलेच पाहिजे. नाहीतर मध्यरात्री साखर धोक्याच्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी साखर तोंडात देणे हाच उपचार, हे सोबत्यांना ठाऊक हवे.

आणि भेटीगाठी. आजाऱ्याचा मुक्काम नातेवाइकांच्या गावांजवळ असणे मोठा आधार आहे, पण तोच त्याची विश्रांती खातो. पाचव्या दिवसानंतर आम्ही पद्धत पाडली की भेटीस येणाऱ्यांनी चार ते साडेचार याच वेळेत यावे. पेढीचे दूरध्वनी मुलाने घ्यायचे. सांगण्याचे काम रुग्णावर टाकू नये, कारण तो ‘बसा हो, घाई काय’ असेच म्हणणार. ते घरातील धाकट्याने करावे, आणि वाईटपणा आपल्याकडे घ्यावा.

हा सारा तपशील बायपासनंतरच्या एका माणसाचा आहे. अर्धांगवायूतून उठणाऱ्यास पडण्याची भीती अधिक, म्हणून त्याच्या खोलीत न्हाणीघरातील आधाराची दांडी आणि न घसरणारी फरशी आधी पाहावी. कर्करोगाची औषधयोजना चालू असणाऱ्यास संसर्गाची भीती अधिक, म्हणून त्याला यात्रेची गर्दी असलेले स्थान नको. प्रश्न बदलतात, पण ते रुग्णाच्या शरीरापासून सुरू करून मग गावापर्यंत न्यायचे, हा क्रम तोच राहतो.

परतल्यावर दादांची तपासणी झाली. आता ते सपाटीवर अर्धा तास चालतात आणि दुपारी पेढीच्या मागच्या खोलीत खरोखरच निजतात. ताणचाचणीची तारीख फाल्गुनातली आहे. जाऊबाईंनी तिच्यापुढे दिनदर्शिकेत लहानशी खूण केली आहे. शिखरजीचे तिकीट मात्र अजून काढलेले नाही.